टेस्टिंगमधून निसटलेले बग: डिफेक्ट एस्केप रेटचा अहवाल कसा तयार करावा

डिफेक्ट एस्केप रेटचं सूत्र एका ओळीत मावतं.

```
एस्केप रेट (%) = प्रॉडक्शनमधले बग ÷ (टेस्टिंगमधले बग + प्रॉडक्शनमधले बग) × १००
```

एवढं सोपं असूनही, एकाच रिलीजचा रेट दोन जणांना काढायला सांगितला तर बहुतेक वेळा दोन वेगळे आकडे येतात, आणि कधीकधी एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असतो. गणित दोघांचंही बरोबर असतं. फरक पडतो तो कोणता बग कोणत्या रकान्यात टाकला, किंवा टाकलाच नाही, यामुळे. म्हणून या लेखात मोजणीचे नियम आधी आणि टक्केवारी नंतर. सगळं एकाच उदाहरणावर करून बघू: आरक्षणाचं एक ऑनलाइन अ‍ॅप, त्याचं ४.२ हे रिलीज, बगची नोंद जिरामध्ये. आकडे उदाहरणापुरते रचलेले आहेत, पण त्यातल्या अडचणी रोजच्या कामातल्याच आहेत.

आधी रिलीज ठरवा, मग मुदत

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे महिन्याचा हिशोब. एप्रिलमध्ये टेस्टरनी इतके बग काढले, एप्रिलमध्येच ग्राहकांकडून इतके आले, घाला सूत्रात. पण एप्रिलमध्ये टेस्टर पुढच्या रिलीजवर काम करत होते आणि ग्राहक मागचं रिलीज वापरत होते. अंशातले बग एका रिलीजचे आणि छेदातले बरेचसे दुसऱ्याचे. अशी टक्केवारी वर गेली काय, खाली आली काय, त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून एकक महिना न धरता रिलीज धरायचं. ४.२ मध्ये जन्मलेले बग घ्यायचे, त्यातले किती बाहेर जाण्याआधी सापडले आणि किती बाहेर गेल्यावर, एवढंच विचारायचं.

बाहेर गेल्यावर किती दिवस वाट बघायची, हे आधी लिहून ठेवावं लागतं. केपर्स जोन्स यांनी रूढ केलेल्या, एकूण बगपैकी किती टक्के बाहेर जाण्याआधी पकडले ते सांगणाऱ्या डिफेक्ट रिमूव्हल एफिशियन्सी या मापात रिलीजनंतरचे पहिले ९० दिवस धरण्याची पद्धत आहे. एस्केप रेट हा त्याच मापाचा दुसरा चेहरा: १०० मधून एक वजा केला की दुसरा मिळतो. दर सहा-सात आठवड्यांनी रिलीज करणाऱ्या टीमला ९० दिवस लांबलचक वाटतात. अशांसाठी ६० दिवस ठीक. मधेच पुढचं रिलीज आलं तरी आधीच्याची मुदत चालू राहते, दोन मुदती एकमेकींवर आल्या म्हणून बिघडत नाही. ३० पेक्षा कमी दिवस मात्र शक्यतो नकोत, कारण महिनाअखेरचे हिशोब, महिन्यातून एकदा चालणारे जॉब असल्या गोष्टी तोवर कदाचित एकदाही चाललेल्या नसतील.

आपलं ४.२ हे ३ मार्च २०२५ ला प्रॉडक्शनवर गेलं. मुदत ६० दिवस, म्हणजे १ मे पर्यंत.

मुदत सगळ्या रिलीजना सारखीच हवी. ४.२ चे निसटलेले बग १४ व्या दिवशी ४ होते, ३० व्या दिवशी ७ आणि ६० व्या दिवशी १०. टेस्टिंगमधले ७२ (हा आकडा कुठून आला ते पुढे येतंच) धरले तर रेट अनुक्रमे ५.३, ८.९ आणि १२.२ टक्के होतो. दोन आठवड्यांचं ४.२ आणि मुदत संपलेलं ४.१ एकाच तक्त्यात शेजारी ठेवलं की नवीन रिलीज नेहमीच चांगलं दिसतं. अहवालात ताज्या रिलीजचा आकडा हवाच असेल, तर जुन्या रिलीजचाही त्याच दिवसापर्यंतचा आकडा शेजारी द्या.

जिरामध्ये लागणाऱ्या दोन फील्ड

पहिली `Affects Version`, ही जिरात सहसा असतेच. तिचा अर्थ टीममध्ये एकच असायला हवा: बग ज्या रिलीजमध्ये जन्मला ते रिलीज. बरेच जण तिथे "ज्या रिलीजमध्ये दिसला" ते भरतात, आणि मग जुने बग नव्या रिलीजच्या माथी येतात. दुसरी फील्ड स्वतः बनवावी लागते, `Found In` नावाची ड्रॉपडाउन, पर्याय मोजके: टेस्टिंग, यूएटी, प्रॉडक्शन. ती बग नोंदवतानाच सक्तीची करा. महिन्याभराने तिकिटं उघडून हा बग कुठे सापडला होता ते आठवणं कुणालाच जमत नाही.

यूएटी कोणत्या बाजूला मोजायची यावर टीममध्ये वाद होतात. माझ्या मते कसोटी एकच: खऱ्या वापरकर्त्याच्या खऱ्या कामाला धक्का लागला का? यूएटीत ग्राहकाचीच माणसं बसलेली असली तरी तिथे चाचणीच चालते, म्हणून ती टेस्टिंगच्या बाजूला. थोड्या टक्के वापरकर्त्यांना आधी दिलेलं कॅनरी रिलीज मात्र प्रॉडक्शनच्या बाजूला. उलट ठरवलं तरी चालेल, फक्त पुढच्या तिमाहीत बदलू नका.

प्रॉडक्शनमधल्या बगसाठी फिल्टर असा:

```
project = BOOK AND issuetype = Bug
AND affectedVersion = "4.2"
AND "Found In" = Production
AND created >= "2025-03-03" AND created < "2025-05-02"
AND (resolution is EMPTY
     OR resolution not in (Duplicate, "Cannot Reproduce"))
```

शेवटच्या दोन ओळींकडे नीट बघा. `not in` रिकाम्या फील्डला जुळत नाही. नुसतं `resolution not in (...)` लिहिलं तर अजून न सुटलेले बग यादीतून गळण्याची भीती असते, आणि प्रॉडक्शनमधले सगळ्यात चिवट बग नेमके तेच असतात. रेट छान दिसतो, कुणाला शंकाही येत नाही. म्हणून `is EMPTY` ची अट वेगळी लिहायची. `Resolution` चे पर्याय प्रत्येक जिरात वेगळे असू शकतात, तुमच्याकडे जे शब्द असतील ते घाला.

आणखी एक पडताळणी: `"Found In" = Production` आहे पण `affectedVersion is EMPTY` आहे, अशी तिकिटं वेगळ्या फिल्टरने काढा. ती कोणत्याच रिलीजच्या खात्यावर येत नाहीत. सपोर्टकडून आलेल्या तिकिटांत असं हमखास असतं.

कच्च्या आकड्यापासून खऱ्या आकड्यापर्यंत

आता मुख्य काम. फिल्टरमध्ये रिझोल्युशनची अट न घालता, ४.२ च्या नावावर नोंदलेली सगळी तिकिटं काढली तर टेस्टिंगमधली ९६ निघाली आणि प्रॉडक्शनमधली ३१. तसेच सूत्रात घातले तर ३१ भागिले १२७, म्हणजे २४.४ टक्के. हा आकडा पाठवून दिला असता तर पुढची बैठक फार वाईट झाली असती.

आधी टेस्टिंगची बाजू. ९६ पैकी ९ डुप्लिकेट होती, ५ ठिकाणी अ‍ॅप ठरल्याप्रमाणेच वागत होतं आणि ४ बग पुन्हा घडवताच आले नाहीत. उरले ७८. या ७८ मधले ६ बग मात्र ४.१ मध्येही होते. टेस्टरनी ४.२ तपासताना ते पकडले खरे, पण तोवर ते प्रॉडक्शनवर पोचून बसलेले होते. पकडणारा टेस्टर आहे म्हणून बग टेस्टिंगच्या रकान्यात जात नाही. रिलीजनंतर सापडलेला बग हा निसटलेलाच, मग तो ग्राहकाला सापडो की टेस्टरला. ते ६ ४.२ मधून काढून ४.१ कडे पाठवले. टेस्टिंगचे राहिले ७२.

मग प्रॉडक्शनची ३१ तिकिटं. ७ डुप्लिकेट: एकच बिघाड, वेगवेगळे ग्राहक. किती ग्राहकांना त्रास झाला हे महत्त्वाचं आहे, पण ते वेगळं माप. एस्केप रेटमध्ये बिघाड मोजायचा, तक्रारी नाहीत. ५ तिकिटं म्हणजे वापरकर्त्याचे प्रश्न होते, ३ सर्व्हरच्या देखभालीतून आली होती: मुदत संपलेलं सर्टिफिकेट, भरलेली डिस्क, असलं काही. ही ३ रेटमधून वगळली, पण अहवालात तळाशी एका ओळीत दाखवली. कारण ती गायब केली तर वाचणाऱ्याला वाटतं की आपण काहीतरी लपवतोय. उरले १६.

या १६ पैकी ४ बग जुन्याच कोडमधले निघाले. हे ठरवायला फार हुशारी लागत नाही. आधीच्या रिलीजचं बिल्ड चालवायचं आणि त्याच पायऱ्या करून बघायच्या. तिथेही बिघडत असेल तर बग जुना. तिथे बिघडत नसेल तर तो ४.२ चा. नेमक्या कोणत्या बदलातून आला हेही हवं असेल तर:

```
git bisect start
git bisect bad v4.2.0
git bisect good v4.1.0
```

रेटपुरतं इतक्या खोलात जायची गरज नसते, कारणमीमांसेला ते उपयोगी पडतं. बाह्य सेवेच्या नव्या वागण्यामुळे किंवा साठत गेलेल्या डेटामुळे आलेला बग दोन्ही बिल्डवर दिसतो. त्याला "जन्म माहीत नाही" असा शेरा देऊन, तो ज्याच्या मुदतीत दिसला त्या रिलीजला लावायचा, असा नियम आधीच लिहून ठेवा.

राहिले १२. त्यातले २ बग टेस्टिंगमध्ये सापडलेलेच होते. रिलीजच्या आधी सगळ्यांनी बसून "पुढच्या खेपेला दुरुस्त करू" असं ठरवलं होतं, आणि ग्राहकांनी ते पुन्हा कळवले. हे टेस्टिंगमधून निसटलेले नाहीत, ते जाणूनबुजून सोडले होते. ते ७२ मध्ये आधीच मोजलेले आहेत, इथे पुन्हा मोजले तर एकच बग दोन्ही रकान्यांत जातो. नवीन तिकीट जुन्याला डुप्लिकेट म्हणून जोडायचं. निसटलेले उरले १०.

१० भागिले ८२, म्हणजे १२.२ टक्के. कच्च्या २४.४ च्या बरोबर निम्मे. ही काटछाट करताना मोह होणारच, हेही सांगून टाकतो. प्रॉडक्शनचं तिकीट "हा काही बग नाही" म्हणून काढून टाकणं सोपं असतं, विशेषतः ज्याच्या कामाचा रेट आहे त्याच्याच हातात कात्री असेल तर. म्हणून वगळलेल्या प्रत्येक तिकिटावर कारणाचं लेबल लावा आणि टेस्टर, डेव्हलपर व सपोर्ट अशा तिघांनी मिळून यादी पाहा. दर रिलीजला एक तास पुरतो. मुदत संपल्यानंतर आठवडाभर थांबून ही बैठक घेतली तर शेवटच्या दिवसांतली तिकिटंही तपासून झालेली असतात.

एकूण आकडा काय झाकतो

४.१ ला हेच नियम लावले, वर ४.१ कडे पाठवलेल्या बगपैकी जे त्याच्या ६० दिवसांत सापडले होते तेही धरले. टेस्टिंगमध्ये ५८, निसटलेले ११, म्हणजे रेट १५.९ टक्के. ४.२ चा १२.२. सुधारणा झाली म्हणायची का?

सिव्हिरिटीप्रमाणे वेगळं केल्यावर चित्र बदलतं. गंभीर बग, म्हणजे ज्यांनी काम अडतं किंवा चुकीची नोंद होते असे: ४.१ मध्ये टेस्टिंगला १६ सापडले, ३ निसटले, रेट १५.८ टक्के. ४.२ मध्ये १८ सापडले, ५ निसटले, रेट २१.७ टक्के. किरकोळ बग ४.२ मध्ये ५४ पकडले आणि ५ निसटले, म्हणून ८.५ टक्के. एकूण रेट खाली आला तो किरकोळ बग भरपूर पकडल्यामुळे.

पण थांबा, "गंभीर बगची गळती वाढली" असंही लगेच लिहू नका. १९ पैकी ३ आणि २३ पैकी ५, फरक दोन बगचा आहे. विल्सनच्या पद्धतीने ९५ टक्के विश्वास-अंतर काढलं तर २३ पैकी ५ ची व्याप्ती साधारण १० ते ४२ टक्के येते. एवढ्या रुंद पट्ट्यात ४.१ चा आकडा आरामात बसतो. एका रिलीजवरून बोलण्यासारखं काही नाही. सलग चार-पाच रिलीजमध्ये गंभीर रेट चढता राहिला तर मात्र बोलावं. तोवर अहवालात टक्क्यांशेजारी "२३ पैकी ५" असं लिहायचं. वाचणाऱ्याला आकडा किती लहान आहे ते दिसतं आणि दशांशचिन्हापुढच्या अंकावर कुणी भांडत बसत नाही.

छेद फुगतो, छेद आटतो

या मापाचा खरा कच्चा दुवा छेदात आहे. निसटलेले बग ग्राहक मोजतात, त्यात फारशी हातचलाखी चालत नाही. टेस्टिंगमधले बग मात्र आपणच नोंदवतो.

समजा, ४.२ च्या वेळी टेस्टरनी शुद्धलेखनाच्या आणि रंगछटांच्या आणखी ४० नोंदी केल्या असत्या. निसटलेले तेच १०, पण रेट १० भागिले १२२, म्हणजे ८.२ टक्के. ग्राहकाच्या वाट्याला आलेला त्रास तसूभरही कमी झालेला नाही.

उलटही होतं, आणि ते जास्त अन्यायाचं. समजा, डेव्हलपरनी युनिट टेस्ट आणि कोड रिव्ह्यू मनापासून करायला घेतला आणि ७२ पैकी ३० बग टेस्टरकडे पोचण्याआधीच मेले. अशा बगचं तिकीट कुणी करत नाही, करूही नये. आता टेस्टिंगमध्ये दिसतात ४२, निसटलेले तेच १०, रेट १९.२ टक्के. टीमने काम सुधारलं आणि आकडा बिघडला. मोठ्या साहेबांनी फक्त टक्केवारी पाहिली तर ते विचारणार, टेस्टिंग ढिलं पडलं का?

यावर साधा उपाय आहे: रेट एकटा कधीच पाठवायचा नाही. निसटलेल्या बगची संख्या आणि टेस्टिंगमध्ये सापडलेल्यांची संख्या दोन्ही शेजारी. रेट चढला, निसटलेले तेवढेच आणि टेस्टिंगचे घटले, तर आधी बघायचं की बग आधीच्या टप्प्यात मरत आहेत का. रेट चढला आणि निसटलेलेही वाढले, तर गळती खरी आहे. रेट उतरला पण निसटलेले तेवढेच, तर छेद कशाने फुगला ते शोधायचं. गंभीर बगचा वेगळा रेट काढला की किरकोळ नोंदींची फुगवटही बरीचशी निष्प्रभ होते.

याच कारणासाठी दोन टीमचे रेट शेजारी ठेवून क्रमवारी लावू नये. एक टीम प्रत्येक खुसपट तिकिटात लिहिते, दुसरी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला तोंडी सांगून दुरुस्त करून घेते. त्यांच्या रेटमधला फरक हा नोंदवण्याच्या सवयीचा फरक असतो. आणि माणसाच्या वार्षिक मूल्यमापनात हा आकडा गेला, की पुढच्या तिमाहीपासून छेद फुगायला लागलाच म्हणून समजा.

निसटले कशामुळे?

रेट काढून हाती एक आकडा येतो, काम मात्र त्या १० तिकिटांत असतं. प्रत्येक निसटलेल्या बगला एक कारण लावा. कारणांची यादी चार-पाचच्या वर नेऊ नका, नाहीतर प्रत्येक बग आपापल्या खणात एकटा बसतो. ४.२ चे असे निघाले: ४ बग चाचणीच्या डेटात तसली नोंदच नव्हती म्हणून, ३ ठिकाणी तसं कुणी वापरेल हे सुचलंच नव्हतं, २ ठिकाणी टेस्ट केस होती पण वेळेअभावी चालवली नाही, आणि १ बग चाचणीच्या आणि प्रॉडक्शनच्या सर्व्हरचा टाइमझोन वेगळा असल्यामुळे.

पाच गंभीर बगपैकी ३ डेटाच्या गटात होते. प्रॉडक्शनमध्ये कित्येक वर्षांपूर्वीच्या नोंदी आहेत, त्यांत फोन क्रमांकाची जागा रिकामी आहे, कारण तेव्हा ती सक्तीची नव्हती. चाचणीच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंद कशी अगदी सुबक. हा धागा सापडला की पुढचं पाऊल कळतं: प्रॉडक्शनच्या नोंदी ओळख पुसून चाचणीत आणणं. ज्या गटात गंभीर बग जास्त, तिथूनच सुरुवात.

अहवाल एका पानाचा

```
रिलीज ४.२ | मुदत: ३ मार्च ते १ मे २०२५ (६० दिवस, पूर्ण)

               टेस्टिंग   निसटले   रेट      ४.१ चा रेट
गंभीर             १८        ५      २१.७%    १५.८% (१९ पैकी ३)
किरकोळ           ५४        ५       ८.५%    १६.०% (५० पैकी ८)
एकूण             ७२       १०      १२.२%    १५.९% (६९ पैकी ११)

कारणे: डेटा ४, न सुचलेला वापर ३, न चालवलेली टेस्ट २, टाइमझोन १
रेटबाहेर: देखभालीच्या ३ घटना, जाणून सोडलेले २ बग
कृती: ओळख पुसलेल्या जुन्या नोंदी चाचणीच्या डेटाबेसमध्ये आणणे
```

खाली दोन वाक्यं पुरतात: एकूण रेट उतरला तो किरकोळ बगमुळे, गंभीर बगची संख्या लहान आहे, पण पाचपैकी तीन एकाच कारणाने निसटले, म्हणून कृती त्यावर. रंगीत बाण आणि लाल-हिरवे गोल टाळा. २३ पैकी ५ ला लाल गोल लावला की बाकीचं पान कुणी वाचत नाही.

मुदत संपून बैठक झाली की आकडा गोठवा. वापरलेल्या तिकिटांची यादी एका फाइलमध्ये काढून अहवालासोबत ठेवा, कारण जिरातली तिकिटं पुढेही बदलत राहतात आणि तोच फिल्टर दोन महिन्यांनी वेगळा आकडा देतो. ६० दिवसांनंतर सापडलेले ४.२ चे बग रेटमध्ये घालू नका, "उशिरा सापडलेले" अशा वेगळ्या ओळीत मोजा. दर रिलीजला ही ओळ मोठी होत असेल, तर ६० दिवसांची मुदत तुमच्या उत्पादनाला अपुरी आहे. ती ९० करा आणि मागच्या रिलीजचेही आकडे नव्या मुदतीने पुन्हा काढा.